तुम्ही विचारलंत म्हणून: प्रत्येक संघाचा ‘घरचा फायदा’ वेगळा का मोजत नाही?

“तुमच्या फुटबॉल-गणितात सगळ्या संघांना घरच्या मैदानाचा एकच फायदा कसा? अ‍ॅनफिल्ड आणि एखादं अर्धं रिकामं मैदान सारखंच का? आणि कोविडमध्ये प्रेक्षक नव्हते तेव्हा तरी खरं काय ते कळलं असेल ना?”

सारखंच नसावं, हे मलाही मान्य आहे. पण फरक असणं वेगळं आणि तो मोजता येणं वेगळं. तुम्ही अ‍ॅनफिल्डचं नाव घेतलंत, तर ते ज्याचं घरचं मैदान त्या लिव्हरपूलचाच हिशोब मांडू.

२०१९-२० च्या प्रीमियर लीगमध्ये लिव्हरपूलने घरच्या १९ सामन्यांत ५२ गोल केले आणि १६ खाल्ले, म्हणजे गोलफरक +३६. बाहेर ३३ आणि १७, म्हणजे +१६. नुसती ही वजाबाकी करून भागत नाही, कारण बाहेर खेळताना लिव्हरपूलला इतर एकोणीस संघांच्या घरचा फायदा सोसावा लागला आणि तोही या वीसच्या फरकात मिसळलेला आहे. तो बाजूला काढायची सोपी रीत स्टीफन क्लार्क आणि जॉन नॉर्मन यांनी १९९५ मध्ये इंग्लिश क्लबांसाठी वापरली होती:

संघाचा फायदा = (घरचा गोलफरक − बाहेरचा गोलफरक − ह) ÷ (संघांची संख्या − २)

इथे ‘ह’ म्हणजे लीगमधल्या सगळ्या संघांच्या फायद्यांची बेरीज. त्या हंगामात घरचा संघ सामन्यामागे सरासरी ०.३ गोलांनी सरस होता, म्हणून वीस संघांचे मिळून सुमारे ६. आता (३६ − १६ − ६) ÷ १८, म्हणजे ०.७८ गोल. लीगच्या सरासरीच्या अडीचपट! “बघा, अ‍ॅनफिल्ड!” असं म्हणायचा मोह इथेच होतो.

पुढच्या हंगामाचे आकडे घ्या. घरी २९-२०, बाहेर ३९-२२. लीगभर घरचा फायदा जवळपास शून्यावर आलेला, म्हणून ‘ह’ही शून्य धरू. (९ − १७) ÷ १८, म्हणजे उणे ०.४४. घरच्या लीग सामन्यांत सलग ६८ वेळा न हरलेला संघ २१ जानेवारी २०२१ ला बर्नलीकडून ०-१ ने हरला आणि मग ब्रायटन, मँचेस्टर सिटी, एव्हर्टन, चेल्सी, फुलहॅम असे, बर्नली धरून, घरचे सलग सहा सामने गमावून बसला. स्टँड रिकामे होते. गोष्ट इतकी नेटकी जुळते की बहुतेकांनी ती तशीच सांगितली.

मला ती पटत नाही, कारण या आकड्यांना केवढा हेलकावा आहे ते आधी बघावं लागतं. दोन्ही संघांची ताकद नीट ठाऊक असली तरी एका सामन्याचा गोलफरक अंदाजापासून दीड-दोन गोल इकडेतिकडे जातोच. १.६ धरा. ३८ सामन्यांच्या बेरजेत हा हेलकावा ३८ च्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो, म्हणजे सुमारे १० गोल होतो. त्याला १८ ने भागलं की ०.५५. तेव्हा पहिल्या हंगामाचा खरा निकाल “०.७८, अधिक-उणे ०.५५” असा वाचायचा आणि दुसऱ्याचा “उणे ०.४४, अधिक-उणे ०.५५”. दोन्हींतली तफावत डोळ्यांत भरते, पण नुसत्या नशिबानेही एवढी तफावत अधूनमधून पडते. लिव्हरपूलचा मुख्य बचावपटू व्हॅन डाइक याची त्या दुसऱ्या हंगामातली दुखापत मी इथे कारण म्हणून पुढे करणार नाही. तो घरी आणि बाहेर दोन्हीकडे नव्हता, त्यामुळे वजाबाकीत त्याचा परिणाम बराचसा कटतो.

मग करायचं काय? संघाचा आकडा लीगच्या सरासरीकडे ओढायचा, आणि किती ओढायचा ते दोन गोष्टींवरून ठरवायचं: संघासंघांत खरा फरक किती असेल आणि मोजमापातला हेलकावा किती आहे. खरा फरक ०.१५ गोलांच्या आसपास असेल असं मी धरतो. हा माझा अंदाज, भांडायला जागा आहे. त्याचा वर्ग ०.०२२५, हेलकाव्याचा वर्ग ०.३०. पहिल्याला दोन्हींच्या बेरजेने भागलं की एका हंगामाच्या आकड्याला जेमतेम सात टक्के वजन. लिव्हरपूलचे ०.७८ ओढून ०.३३ होतात आणि लीगची सरासरी ०.३०. तुम्हाला वाटतं मी सगळ्यांना एकच फायदा देतो. हिशोब केला तर जवळपास तोच येतो. दहा हंगाम एकत्र घेतले तर वजन चाळीस टक्क्यांच्या वर जातं, पण दहा वर्षांत प्रशिक्षक, खेळाडू, कधी मैदानच बदलतं. मग मोजलं कोणाला?

लीगच्या पातळीवर मात्र सामने भरपूर असतात आणि रिकाम्या मैदानांनी जे सांगितलं ते तिथेच ऐकू येतं. २०२०-२१ च्या प्रीमियर लीगमध्ये घरच्या संघांनी १४४ सामने जिंकले आणि पाहुण्यांनी १५३. इंग्लंडच्या अव्वल साखळीत पाहुणे पुढे गेल्याचा हा पहिलाच हंगाम. (पूर्ण रिकामा नव्हता, डिसेंबरमध्ये काही मैदानांवर दोन हजारांपर्यंत लोक होते आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत दहा हजारांपर्यंत.) तरी इथेही घाई नडते. जर्मनीत १६ मे २०२० ला बुंडेसलिगा पुन्हा सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीच्या नऊ सामन्यांत घरचा विजय एकच होता, डॉर्टमुंडचा शाल्केवर. त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या उरलेल्या ९२ सामन्यांत मात्र घट जवळपास दिसलीच नाही. फक्त जर्मनी पाहणारा एक निष्कर्ष काढणार, फक्त इंग्लंड पाहणारा दुसरा. अनेक देशांच्या लीग एकत्र केल्यावर चित्र स्थिरावतं: फायदा बराच घटला, ढोबळमानाने निम्म्याच्या आसपास, पण नाहीसा झाला नाही.

त्यातही सर्वांत स्वच्छ खूण रेफरीच्या खिशात सापडली. एरवी पाहुण्या संघाला जी जास्तीची पिवळी कार्डं मिळतात, ती प्रेक्षक गेल्यावर जवळपास मिळेनाशी झाली. याचा सुगावा २००२ मध्येच लागला होता. चाळीस रेफरींना लिव्हरपूल-लेस्टर सामन्यातल्या झटापटी दाखवल्या, काहींना प्रेक्षकांच्या आवाजासह, काहींना मूक. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. आता मैदान प्रेक्षकांमुळे संघाला बळ देतं असं म्हणणाऱ्यांनी आधी शिट्टीवाल्याचा वाटा वजा करावा.

संघाचा वेगळा आकडा मी देतो ते मागे ठोस भौतिक कारण असेल तेव्हा. बोलिव्हियातलं ला पाझचं एर्नांदो सिलेस मैदान ३,६०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेला प्रेक्षक लागत नाहीत. पण तिथेही आकडा संघाला चिकटवून चालत नाही. बोलिव्हार आणि द स्ट्रॉंगेस्ट हे दोन्ही क्लब त्याच मैदानावर घरचे सामने खेळतात, त्यामुळे एकमेकांशी भिडताना उंचीचा फायदा शून्य. सखल भागातल्या सांता क्रूझचा संघ आला की तोच मोठा. म्हणून उंचीतला फरक जोडीनिहाय घालावा लागतो.

आपल्या इंडियन सुपर लीगचा, म्हणजे आयएसएलचा, २०२०-२१ चा हंगाम यासाठी मला फार मोलाचा वाटतो. अकरा संघ, साखळीचे ११० सामने, सगळे गोव्यात: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचं टिळक मैदान. प्रेक्षक नाहीत, प्रवास नाही, सगळे महिनोन्‌महिने तिथेच मुक्कामाला. ‘घरचा संघ’ हे कागदावरचं नाव. एफसी गोवा तेवढा खरोखर आपल्या गावी होता, पण त्यालाही गॅलरीत कोणी नव्हतं. वरचं सूत्र इथे चालवलं की प्रत्येक संघाला काहीतरी ‘घरचा फायदा’ मिळतोच, कोणाला अधिक, कोणाला उणे. संघामागे वीसच सामने असल्याने ०.८ गोलांचा फैलाव निव्वळ हेलकाव्यातून अपेक्षित आहे. कोणी मला नेहमीच्या हंगामाची संघनिहाय यादी दाखवली, तर मी पहिल्यांदा सामन्यांची संख्या विचारतो आणि तिचा फैलाव अशा हंगामापेक्षा किती मोठा आहे ते बघतो.