आमची वाटचाल : "नेमके कोणते काम?"

सांगलीच्या हरभट रोडवर आमच्या छापखान्याची पाटी लागली तेव्हा आत एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या चार केसी आणि आप्पा, एवढेच भांडवल होते. आप्पा माझे पहिले भागीदार आणि मुळातले खिळाजुळारी. डाव्या हातात स्टिक धरून उलटी अक्षरे सुलट वाचावीत तशी ते वाचत, आणि प्रूफ निघाले की खिशातले पितळी भिंग कागदावर ठेवत. "बरे झाले नाही" असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. ते कागदावर नखाने खूण करून म्हणत, "ह्या रफाराला वर हवा नाही, वरच्या ओळीचा उकार त्याच्या डोक्यावर बसलाय." काय खटकते आणि कुठे खटकते, हे दोन्ही एकाच वाक्यात येत असे. आप्पा गेले, भिंग माझ्या टेबलावर राहिले, पण त्यांची ती रीत मी घेतली नाही. ही वाटचाल लिहायला बसलो आहे ती मुख्यतः त्या चुकीसाठी.

पुढे ऑफसेट आले, संगणक आले, पत्रिका आणि बिलबुकांवरून आम्ही हळद, बेदाणा आणि मसाल्यांच्या डब्यांकडे वळलो. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी शहरात शिरले तेव्हा आमचाही कागद भिजला. ते दुःख साऱ्या गावाचे होते. छापखाना बंद पडायची वेळ मात्र त्याच्या आधीच, अकरा वर्षांपूर्वी आली होती, आणि ती एका डिझायनरमुळे नव्हे, तर त्याच्या कामाचे मोल मी ज्या रीतीने केले त्यामुळे आली.

तो मुलगा आमच्याकडे सहा वर्षे होता. मार्केट यार्डातले आमचे सर्वांत जुने ग्राहक, ज्यांना आम्ही सगळे शेठ म्हणतो, ते नवीन डबी काढायची असली की थेट त्याच्या खुर्चीशेजारी जाऊन बसत. त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर शेठच्या हळदीच्या दहा हजार डब्या वाया गेल्या. डबीची जमीन गडद तांबूस होती, चारही रंग एकमेकांवर चढवून केलेली, आणि त्या जमिनीत साठवणुकीची सूचना बारीक पांढऱ्या अक्षरांत सोडलेली होती. अशा कामात अक्षराच्या जागी चारही प्लेटींवर पांढरे सोडावे लागते. छपाईत एक रंग केसभर सरकला तरी तो त्या पांढऱ्यात उतरतो, आणि देवनागरीत 'ध', 'भ', 'क' यांची पोटे आधी बुजतात. शेठनी डब्या परत पाठवल्या, एक शब्दही न बोलता. तो राग माझ्या मनात राहिला आणि पुढच्या मार्चमध्ये पगारवाढीच्या बैठकीत बाहेर आला. मी त्याला म्हणालो, "यंदा तुझे काम मनासारखे झाले नाही."

त्याने शांतपणे विचारले, "दादा, नेमके कोणते काम?"

मला डबीशिवाय दुसरे नाव आठवेना. वर्षभरात त्याने दीडशेच्या वर कामे केली होती आणि माझ्या डोळ्यांसमोर एकच होते, तेही सर्वांत महागात पडलेले. मी "एकंदरीतच" असा शब्द वापरला. त्या शब्दाची मला आजही लाज वाटते. महिनाभरात तो दुसऱ्या एका छापखान्यात रुजू झाला. त्या मालकाने आमच्याच ग्राहकांच्या दुकानी जाऊन "तुमचा डिझायनर आता आमच्याकडे आहे" असे सांगितले आणि मसाल्याचे तीन मोठे ग्राहक उचलले. कामगार नेणे हा धंदा आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. पण आमच्या फायलींतली चित्रे जशीच्या तशी त्यांच्या डब्यांवर दिसली, ते मी विसरलेलो नाही आणि विसरायची इच्छाही नाही. त्या वर्षी दोन पगार मी घरातल्या सोन्यावर दिले. शेठ तेवढे राहिले. ते येऊन म्हणाले, "डबी बिघडली ती मी सोसली, पण पोरगं घालवलंस ते चुकलं."

त्यानंतर मी जी पद्धत बसवली ती एका दिवसात बसली नाही, आणि मला लोक आजही विचारतात की डिझाइन ही आवडीनिवडीची गोष्ट, तिला गुण कसे देणार. माझे उत्तर असे आहे की आधी आवडीनिवडीचा भाग किती आहे तो वेगळा काढावा. अन्नपदार्थाच्या डबीवर अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक आहे की नाही, शाकाहारी मालाचे हिरवे चिन्ह योग्य जागी आहे की नाही, निव्वळ वजनाचा आकडा कायद्याने सांगितलेल्या उंचीचा आहे की नाही, कापणीसाठी कडेला 3 मिलिमीटर रंग सोडला आहे की नाही, हे सगळे हो-नाहीचे प्रश्न आहेत. त्यांना आम्ही गुणच देत नाही. ते तपासणीच्या कागदावर जातात. पूर्वी मी ही चूकही "कामात गोडी नाही" या नावाखाली मोजत असे, आणि त्यामुळे मुलांना चूक कोणती आणि मत कोणते हेच कळत नसे.

उरलेल्यासाठी आम्ही चार निकष ठरवले: ग्राहकाची गरज ओळखणे, वाचनीयता, छपाईला सोसणारे काम, आणि नवेपणा. ते माझ्या एकट्याच्या डोक्यातून आले नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डिझायनर, मशीनमन आणि मी टेबलावर जुनी तीस-चाळीस कामे पसरतो आणि प्रत्येक निकषाला तीन नमुने निवडतो: एक कच्चा, एक ठीक आणि एक उत्तम. ते नमुने जाड पुठ्ठ्याच्या वहीत चिकटवून खाली एकेक वाक्य लिहितो. उदाहरणार्थ वाचनीयतेच्या कच्च्या नमुन्याखाली लिहिले आहे, "नाव हातभरावरून वाचता येते, गिऱ्हाईक उभे राहते तिथून येत नाही." 'आकर्षक', 'दर्जेदार' असे शब्द त्या वहीत लिहायला बंदी आहे, कारण त्यांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा असतो. वही वर्ष सुरू होताना बनते. वर्ष संपल्यावर निकष लावणे म्हणजे शर्यत झाल्यावर रेघ आखणे, आणि जे मालक तसे करतात त्यांनी ते आजच थांबवावे.

वर्षाअखेरीस नऊ कामे घेतो. तीन डिझायनर निवडतो, तीन मी निवडतो, आणि तीन जॉबच्या रजिस्टरमधून डोळे झाकून बोट ठेवून. तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पहिल्यात सगळे सोने असते आणि दुसऱ्यात माझा राग येऊन बसतो. डिझायनर स्वतःच्या कामाला आणि मी त्याच कामाला, दोघेही वेगवेगळ्या कागदावर एक ते पाच गुण लिहितो. एकाचा कागद दुसऱ्याने आधी पाहिला की त्याचे गुण तिकडे झुकतात, म्हणून दोन्ही कागद एकाच वेळी उलटतो. जिथे एकाच गुणाचा फरक आहे तिथे वाद घालत नाही. दोन किंवा जास्त फरक असला की बोलणे सुरू होते.

गेल्या मार्चमधले एक काम सांगतो. आता आमच्याकडे असलेल्या मुलीने बेदाण्याच्या 250 ग्रॅमच्या डबीवर नाव तिरक्या हस्ताक्षरी वळणात लिहिले होते, शिरोरेषा तोडून. वाचनीयतेला तिने चार दिले, मी दोन. पूर्वी असते तर मी "मला वाचता येत नाही" म्हणून विषय संपवला असता. आम्ही वही उघडली आणि तिथल्या वाक्याप्रमाणे डबी मांडणीवर ठेवली, शेजारी इतर पाच डब्या. डबी कधीच न पाहिलेल्या चौघांना एकेक करून आठ फुटांवर उभे केले. बाइंडिंगच्या मावशी, कागद घेऊन आलेला टेम्पोवाला आणि समोरच्या दुकानातला मुलगा या तिघांनी नाव लगेच वाचले; कुरिअरवाले एका जोडाक्षराशी अडखळले. वजनाचा आकडा मात्र चौघांपैकी एकालाही दिसला नाही, कारण तो फिक्या पिवळ्यावर सोनेरी रंगात होता. मी नावावर अडलो होतो, आणि दोष दुसरीकडेच होता. मोजपट्टीने उंची भरली होती, म्हणून तपासणीत तो निसटला होता. शेवटी दोघांनी मिळून तीन लिहिले आणि त्यापुढे कारण लिहिले.

त्याच डबीला ग्राहकाने सात फेऱ्या करायला लावल्या होत्या. फेऱ्या मोजून डिझायनरला तोलणारे मालक मी पाहिले आहेत. ते अन्यायाचे आहे. आम्ही प्रत्येक फेरीपुढे लिहितो की बदल आमच्या चुकीने झाला की ग्राहकाचे मन बदलले. त्या सातांपैकी पाच ग्राहकाच्या होत्या आणि एक माझी, कारण त्याने फोनवर सांगितलेला रंग मी तिला कळवलाच नव्हता. 'गरज ओळखणे' या निकषात फक्त उरलेली एक धरली.

नवेपणाचे काय, तर तिथे आमचे आजही जुळत नाही. ती मला जुन्या वळणाचा म्हणते आणि तिच्या काही रचना मला उपऱ्या वाटतात. या निकषाचे वजन आम्ही सर्वांत कमी ठेवले आहे, दोघांचे गुण शेजारी शेजारी तसेच लिहितो आणि सरासरी काढत नाही. माझे मत हे मत म्हणूनच कागदावर राहते. पगाराचे बोलणे पंधरा दिवसांनी वेगळे होते, कारण रकमेचा आकडा समोर असला की कोणीच डबीकडे नीट पाहत नाही.

ही पद्धत नीट रुळल्यावर मी एक काम केले, ते कोणाला सांगितलेले नाही. पुरात जॉबची जुनी पाकिटे माळ्यावर होती म्हणून वाचली होती. त्यांतून त्या मुलाची शेवटच्या वर्षातली नऊ कामे काढली आणि वही समोर ठेवून गुण दिले. तीन ठीक होती, पाच चांगल्यापैकी होती, आणि नववे ते हळदीच्या डबीचे होते. छपाईला सोसण्याच्या निकषावर त्याला एकच गुण पडला आणि तो योग्य आहे: ती जमीन दोन रंगांत बांधून अक्षर ठळक घ्यायला हवे होते. पण त्याच पाकिटात मंजूर प्रूफ होते. ते इंकजेटवर काढलेले होते, तिथे प्लेटी नसतात आणि रंग सरकत नाही, म्हणून त्यावर प्रत्येक अक्षर स्वच्छ दिसत होते. आणि खाली "छापावे" असे लिहून सही होती, ती माझी. आप्पांचे भिंग त्या दिवशीही टेबलावरच होते. चार रंगांच्या जमिनीतले एवढे बारीक पांढरे अक्षर त्यांनी प्रूफ कितीही स्वच्छ असले तरी पुढे जाऊ दिले नसते.

त्या नऊ कामांचे गुण, कारणांसह, मी एका पाकिटात घालून ठेवले आहेत आणि पाकिटावर त्याचे नाव लिहिले आहे. तो अजून त्याच दुसऱ्या छापखान्यात आहे. येत्या पंधरवड्यात शेठच्या नातीचे लग्न आहे, तिथे तो येईल असे शेठ म्हणाले, आणि पाकीट मी बरोबर नेणार आहे.