रोबोटचा हात कोनांत हलतो

"मॅडम, रोबोटचं मॉडेल छान झालंय, रिगही नीट चालतंय. पण हलायला लागला की अंगावर पत्रा चढवलेला माणूस वाटतो. मुद्दाम कडक केला तर नुसता अडखळतो. नेमकं करायचं काय?"

आधी हे बघा की अ‍ॅनिमेट करताना तुम्ही पकडता काय. बहुतेक जण हाताच्या टोकाचा आयके कंट्रोल पकडतात, तो टेबलावरच्या पेल्यापाशी नेऊन ठेवतात, आणि मधली हालचाल सॉफ्टवेअर भरून देतं. पंजा जवळजवळ सरळ रेषेत जातो, हळू निघतो, मध्ये वेग घेतो, हळू थांबतो. माणूस हात पुढे करतो तो अगदी असाच. 1981 मध्ये पिएत्रो मोरासो यांनी लोकांना टेबलाच्या पातळीत एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत हात न्यायला सांगून मोजमाप केलं. पंजाचा मार्ग जवळपास सरळ निघाला आणि वेगाचा आलेख घंटेच्या आकाराचा. खांदा आणि कोपर यांचे कोन मात्र हालचालीगणिक वेगवेगळ्या तऱ्हेने बदलत होते. आपला मेंदू पंजाची वाट सांभाळतो आणि सांधे त्यामागून जुळवून घेतात. म्हणजे टोकाचा कंट्रोल धरून मऊ कर्व्ह दिला की माणसाच्या हाताची हालचाल तुमच्या हातून आपोआपच होते. वरचा पत्रा कितीही चांगला असला तरी ती लपत नाही.

कारखान्यातला रोबोट मोकळ्या जागेतून जाताना याच्या उलट चालतो. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांच्या बॉडीवर वेल्डिंग करणारे सहा अक्षांचे रोबोट एकदा जवळून बघा. प्रोग्राममध्ये प्रत्येक सांध्याचा सुरुवातीचा आणि शेवटचा कोन ठरतो, सगळे सांधे एकाच क्षणी सुटतात आणि एकाच क्षणी थांबतात. टोक मधल्या वाटेत जो काही बाक घेईल तो घेईल. एबीबीच्या रोबोटमध्ये या हालचालीची आज्ञा `MoveJ` असते, आणि टोक सरळ रेषेत न्यायचं असेल तेव्हाची वेगळी आज्ञा `MoveL`. हा फरक अ‍ॅनिमेशनमध्ये आणला की निम्मं काम होतं.

त्यासाठी रिग आधी प्रामाणिक करावं लागतं. ब्लेंडरमध्ये पोझ बोनचं रोटेशन मुळात क्वाटर्नियनमध्ये असतं. ते `XYZ Euler` करा, म्हणजे कर्व्हवर सरळ अंश वाचता येतील. मग प्रत्येक सांध्याला एकच अक्ष मोकळा ठेवा. बोनची लांबी Y अक्षावर असते, त्यामुळे कोपराला फक्त X मोकळा आणि Y, Z कुलूपबंद. हाताला पीळ द्यायचा असेल तर त्यासाठी स्वतंत्र बोन, ज्याला फक्त Y मोकळा. आपण तळहात उताणा करतो तेव्हा कोपरापुढची दोन हाडं एकमेकांवरून जातात आणि तो पीळ मनगटापर्यंत पसरत जातो. रोबोटमध्ये पीळ एका कड्यापाशी पडतो, कड्याच्या अलीकडचा भाग तसूभरही वळत नाही. मॉडेलवर त्या जागी खरोखरच फट किंवा कडं दिसलं पाहिजे. स्किनिंगने तिथलं जाळं मऊ पिळलं गेलं की प्रेक्षकाला कातडी दिसते. म्हणून प्रत्येक भाग एकाच बोनला शंभर टक्के बांधा, वेट वाटून देऊ नका.

आता पेल्याचाच शॉट घेऊ. सेकंदाला 24 फ्रेम. बुडाचा सांधा 90 अंश वळायचा आहे, कोपर 40 अंश, मनगट 15 अंश. तिन्ही सांधे एफकेमध्ये, म्हणजे थेट कोन देऊन. हालचाल फ्रेम 1 ते 25.

तिघांनाही दोनच कीफ्रेम देऊन मधला कर्व्ह सरळ रेषा केला, तर तुम्ही म्हणता ते अडखळणं दिसतं. 0 वरून एकदम पूर्ण वेग, आणि पूर्ण वेगावरून एकदम 0. वजन असलेली कुठलीही वस्तू असं करू शकत नाही, मोटर कितीही दणकट असो. दुसऱ्या टोकाला, ब्लेंडरचा नेहमीचा बेझिअर ठेवला तर वेग सतत बदलत राहतो आणि हात मांसाचा होतो. खऱ्या रोबोटच्या वेगाचा साधा आलेख समलंब चौकोनाचा असतो: थोडा वेळ ठरावीक दराने वेग वाढतो, मग बराच वेळ वेग अगदी स्थिर राहतो, मग त्याच दराने उतरतो. कडकपणा दिसतो तो या मधल्या स्थिर पट्ट्यामुळे. माणसाच्या हाताला तो जमत नाही.

वेग वाढवायला आणि उतरवायला प्रत्येकी चार फ्रेम देऊ. हिशेब सोपा आहे. 24 फ्रेममधून चार वजा केल्या की उरतात 20, आणि 90 भागिले 20 म्हणजे मधला वेग फ्रेममागे साडेचार अंश. पहिल्या चार फ्रेममध्ये सरासरी वेग याच्या निम्मा, म्हणून 9 अंश कापले जातात. तर बुडाच्या सांध्याला चार कीफ्रेम: फ्रेम 1 वर 0, फ्रेम 5 वर 9, फ्रेम 21 वर 81, फ्रेम 25 वर 90. `Graph Editor`मध्ये पहिल्या कीफ्रेमला `Quadratic` आणि `Ease In`, दुसऱ्याला `Linear`, तिसऱ्याला `Quadratic` आणि `Ease Out`. इंटरपोलेशन नेहमी डावीकडच्या कीफ्रेमवर ठरतं, हे ध्यानात ठेवा. हे आकडे वापरले तर जोडावर वेग तंतोतंत जुळतो, कर्व्हला कुठेही कोपरा येत नाही.

कोपर आणि मनगट यांनाही त्याच चार फ्रेमवर कीफ्रेम, आणि कोन त्याच प्रमाणात: दहा टक्के, नव्वद टक्के, पूर्ण. कोपराला 0, 4, 36, 40. मनगटाला 0, दीड, साडेतेरा, 15. हे मनगट मला फार आवडतं. पंधराच अंश जायचं असूनही ते पूर्ण सेकंदभर संथ, एकसारखं फिरत राहतं, कारण ज्या सांध्याला सगळ्यात जास्त वेळ लागणार त्याच्यासाठी बाकीचे आपला वेग कमी करतात. माणसाचं मनगट असं कधीच वागत नाही. अ‍ॅनिमेशनच्या वर्गात आपण खांदा आधी, कोपर मागून, मनगट शेवटी असा ओव्हरलॅप घोटून घेतलेला असतो. तो इथे पूर्ण काढून टाका. `Graph Editor`मध्ये तिन्ही सांध्यांच्या कीफ्रेम एकाखाली एक उभ्या ओळीत आल्या पाहिजेत.

मग थांबणं. वेग उतरायचा संपतो त्या क्षणी मोटर सांधा घट्ट धरून ठेवते, पण पुढे लांबलेला हात किंचित थरथरतो. वजन दिसतं ते इथे. फ्रेम 25 वर 90, 27 वर 90.5, 29 वर 89.8, 31 वर परत 90. अर्धा अंश ऐकायला काहीच नाही, पण एक मीटर लांब हाताच्या टोकाला तो जवळपास 9 मिलिमीटर होतो. यापेक्षा मोठा केला तर रबर वाटतो, आणि थरथर संथ केली तर हात स्प्रिंगवर लावल्यासारखा दिसतो. पेला भरलेला असेल तर परतीच्या फेरीत सुरुवात आणि शेवट लांबवा, चारऐवजी सहा फ्रेम, आणि थरथरही जरा संथ चालेल, कारण टोकाला वस्तुमान वाढलेलं असतं.

इथवर हात पेल्याच्या वर, समजा 12 सेंटिमीटरवर येऊन थांबला. खाली उतरताना मात्र आयके वापरा. खरा रोबोटही वस्तूजवळचा शेवटचा टप्पा सरळ रेषेतच जातो, नाहीतर टोकाच्या बाकामुळे पेला आडवा होईल. फ्रेम 34 ते 46 टोक सरळ खाली, इथेही तोच समलंब वेग. मग चार फ्रेम काहीही नाही. मग पकड मिटते, पाच फ्रेम. मग पुन्हा चार फ्रेम काहीही नाही, आणि मग वर. या रिकाम्या फ्रेम कापायचा मोह होतो, कापू नका. माणूस हात पुढे नेतानेता बोटं पेल्याच्या मापाने उघडत असतो, पोचणं आणि पकडणं त्याच्यात एकजीव झालेलं असतं. रोबोटची एक आज्ञा पूर्ण होते, मग दुसरी सुरू होते. मधली ती निश्चल जागा प्रेक्षकाला यंत्र दाखवते. होल्डमध्ये पात्र थोडं हलतं ठेवायची आपली सवय आहे, ती इथे सोडावी. फक्त फ्रेममध्ये दुसरं काहीतरी जिवंत असू द्या, वाफ, मागचा पंखा, नाहीतर शॉट अडकला असं वाटतं.

डोक्याचंही तेच. आपण वळून बघतो तेव्हा बहुधा डोळे आधी जातात, मान मागून येते आणि वळताना किंचित खाली झुकते. रोबोटच्या मानेला फक्त उभा अक्ष द्या आणि ती पातळी न सोडता वळवा. एवढ्यानेही चेहरा नसलेलं पात्र ओळखता येतं.

खऱ्या सहा अक्षांच्या हाताची आणखी एक लकब आहे, तिचा उपयोग करणारे फार थोडे दिसतात. मनगटाचा मधला सांधा शून्यावर आला की त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही पिळाचे अक्ष एका रेषेत येतात. टोक त्या जागेच्या अगदी जवळून सरळ रेषेत न्यायचं असेल, तर ते दोन सांधे एकमेकांविरुद्ध झपकन अर्धा फेरा मारतात, आणि टोक मात्र शांतपणे आपल्या वाटेने जात राहतं. शॉटमध्ये एकदाच, नेमक्या जागी हे केलं तर अंगावर काटा येतो. माणसाच्या शरीरात अशी हालचाल होऊच शकत नाही.

काम जमलं की नाही हे बघायला मॉडेल लपवा, टोकाच्या बोनचा `Motion Paths` काढा, आणि प्रत्येक फ्रेमचे ठिपके बघा. माणसाच्या हाताची वाट जवळपास सरळ असते, ठिपके मध्ये विरळ आणि दोन्ही टोकांकडे हळूहळू दाट होत जातात. आपल्या शॉटच्या पहिल्या 25 फ्रेमची वाट बाकदार यायला हवी, ठिपके मध्ये बराच अंतरभर जवळजवळ समान, आणि फक्त दोन्ही टोकांच्या चार चार फ्रेममध्ये दाटलेले. मधल्या भागात अंतर फुगत किंवा आटत असेल, तर कुठल्या तरी सांध्याचा कर्व्ह अजून बेझिअर राहिलेला आहे. बहुतेक वेळा तो मनगटाचाच असतो.