एकाच झोनची कॉइल वारंवार का जळत होती

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत पीव्हीसी पाइप काढणाऱ्या एका कारखान्यात मी देखभाल विभाग सांभाळतो. आमच्या एक्स्ट्रूडरच्या बॅरलला चार झोन आहेत. झोनचे तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की कंट्रोलर सोलेनॉइड व्हॉल्व्ह उघडतो आणि बॅरलभोवतीच्या तांब्याच्या नळीत पाणी सोडतो. गेल्या उन्हाळ्यात तिसऱ्या झोनच्या व्हॉल्व्हची कॉइल सहा आठवड्यांत तीनदा जळाली. बाकी तिन्ही झोनच्या कॉइल जुन्याच असून व्यवस्थित चालत होत्या. प्रत्येक वेळी आम्ही नवी कॉइल बसवून मशीन चालू केले आणि दोष मालाच्या प्रतीला दिला. तिसऱ्या वेळी मात्र ती सबब मलाच पटेना, कारण चारही झोनच्या कॉइल एकाच बनावटीच्या होत्या.

कॉइलवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, १०० टक्के ड्युटी आणि एफ वर्गाचे इन्सुलेशन असे छापलेले होते. म्हणजे ती अखंड चालू ठेवली तरी चालायला हवी आणि तिच्या गुंडाळ्याने १५५ अंशांपर्यंतचे तापमान सोसायला हवे. आधी व्होल्टेज तपासले. ते पॅनेलमध्ये न मोजता, व्हॉल्व्ह चालू असताना कॉइलच्या टोकांवरच मोजले. दिवसा २३८ व्होल्ट आले, रात्री भार कमी झाल्यावर २४९, आणि शेजारची मोठी मोटर सुरू होताना क्षणभर २१९. दहा टक्क्यांची सूट धरली तर २०७ ते २५३ ही मर्यादा होते, त्यामुळे व्होल्टेजवर ठपका ठेवता येत नव्हता. एसी कॉइलला जास्त व्होल्टेजइतकेच कमी व्होल्टेजही घातक असते, कारण त्यात प्लंजर, म्हणजे कॉइलने वर ओढला की व्हॉल्व्ह उघडणारा लोखंडी दांडा, पूर्ण वर ओढला जात नाही. म्हणून खालचा आकडाही टिपून ठेवला.

मग ड्युटीकडे वळलो. व्हॉल्व्ह मिनिटाला जवळजवळ तीस वेळा टकटक करत होता. कंट्रोलरची आउटपुट सायकल कुणीतरी २ सेकंदांवर ठेवली होती. उत्तर सापडले असे तेव्हा वाटले, पण हिशेब केल्यावर ते टिकले नाही. एसी कॉइल प्लंजर उचलताना, तो धरून ठेवण्याच्या प्रवाहाच्या साधारण दुप्पट प्रवाह घेते, म्हणजे त्या वेळी उष्णता चौपट असते. पण निरोगी व्हॉल्व्हमध्ये ही अवस्था काही शतांश सेकंदच टिकते. दोन सेकंदांत तेवढ्याने कॉइल जळत नाही. शिवाय चौथ्या झोनची सायकलही तेवढीच होती आणि तिथली कॉइल शाबूत होती.

खरा धागा आमच्या मदतनिसाच्या कानाला लागला. तो म्हणाला, "साहेब, हा तिसरा व्हॉल्व्ह कण्हून राहिला जी, बाकीचे तर गुमान आहेत." मी स्क्रूड्रायव्हरचे टोक व्हॉल्व्हवर आणि मूठ कानाशी धरून ऐकले. टक् आवाजानंतर शांतता यायला हवी होती. इथे पूर्ण वेळ जाड गुणगुण येत होती. एवढ्या लहान प्रवाहाला क्लॅम्प मीटर नीट दाद देत नाही, म्हणून कॉइलच्या एका वायरचे दहा वेढे क्लॅम्पमधून घेतले आणि आलेल्या आकड्याला दहाने भागले. दुसऱ्या झोनवर ०.०७ अँपिअर आले. तिसऱ्यावर ०.१४ आले आणि व्हॉल्व्ह चालू असेपर्यंत ते उतरलेच नाहीत.

याचा अर्थ उलगडून सांगतो. कॉइलचा थंड रोध ६२० ओहम होता. केवळ रोधच असता तर २३० व्होल्टवर सुमारे ०.३७ अँपिअर वाहिले असते. एसीमध्ये प्रवाह मुख्यतः लोखंडी गाभ्यामुळे आवरला जातो, आणि प्लंजर वर जाऊन गाभ्याला टेकला की तो आणखी आवरतो. प्लंजर मध्येच अडला, तर कॉइल उचलण्याचाच प्रवाह घेत राहते आणि शिजते. डीसी कॉइलमध्ये प्रवाह रोधावरच ठरत असल्याने असे होत नाही. (याच कारणाने एसी कॉइल व्हॉल्व्हवरून उतरवून, तिच्यात प्लंजर नसताना चालू ठेवू नये. आमची दुसरी कॉइल "ओढते का बघू" म्हणत आम्हीच तशी जाळली असावी, असा मला दाट संशय आहे.)

कॉइल किती तापते तेही काढले. व्हॉल्व्ह तीन तास चालल्यावर पुरवठा बंद करून, कनेक्टर ओढून, वीस सेकंदांच्या आत रोध मोजला. तो ८६८ ओहम भरला. थंड मोजमाप ३१ अंशांना घेतले होते. तांब्यासाठीचे सूत्र असे:

```
T2 = (R2/R1) × (234.5 + T1) − 234.5
   = (868/620) × 265.5 − 234.5 ≈ 137
```

१३७ अंश हे सरासरी तापमान; गुंडाळ्याच्या आतला भाग याहून तापलेला असतो. एफ वर्गाच्या मर्यादेच्या ही कॉइल फारच जवळ होती.

व्हॉल्व्ह खोलल्यावर प्लंजरवर पांढरी, खरखरीत पुटे दिसली. बोटाने तो नळीत सरकवताना मध्यावर अडखळत होता. आमचे पाणी बोअरवेलचे आणि क्षारयुक्त आहे. पण मग तिसराच झोन का? पाइप वाचवण्यासाठी हा व्हॉल्व्ह बॅरलच्या आवरणापासून वीतभर अंतरावर बसवला होता. तिथली हवा मे महिन्यात ५४ अंशांवर होती आणि व्हॉल्व्हवर ५० अंशांची मर्यादा छापलेली होती. व्हॉल्व्ह बंद असताना आत साचलेले पाणी तापत होते, आणि तापलेल्या पाण्यातून चुन्याचा क्षार अधिक वेगाने बसतो. म्हणजे उष्णतेने कॉइलला थेट त्रास दिला तो थोडा. क्षार बसवून, प्लंजर अडवून दिला तो जास्त.

प्लंजर आणि नळी सायट्रिक अ‍ॅसिडच्या सौम्य द्रावणात भिजवून साफ केली, व्हॉल्व्ह मीटरभर दूर ब्रॅकेटवर नेला, अलीकडे जाळीची गाळणी बसवली आणि सायकल २० सेकंदांची केली. तापमानाचा चढउतार किंचित वाढला, पण पाइपच्या जाडीत फरक दिसला नाही. प्रवाह ०.०७ वर आला आणि तीन तासांनंतरचा रोध ७७५ ओहम, म्हणजे सुमारे ९७ अंश.

जूनच्या अखेरीस याच जागी चौथी कॉइल गेली, आणि मी चांगलाच वैतागलो. पण ही निराळ्या कारणाने गेली होती. आधीच्या तिन्ही कॉइल काळ्या पडून फुगल्या होत्या आणि त्यांना जळक्या वार्निशचा वास होता. ही बाहेरून स्वच्छ होती, मात्र पिनांवर हिरवा थर होता आणि रोध अनंत येत होता. इन्सुलेशन मोजणाऱ्या ५०० व्होल्टच्या मेगरवर पिन ते अर्थ ०.८ मेगाओहम आले. नव्या कॉइलवर शंभराच्या वर येतात. नव्या जागी वरून जाणाऱ्या थंड नळीवरचे पाणी वायरवरून ओघळत थेट कनेक्टरमध्ये शिरत होते, आणि जागा बदलताना आम्ही कनेक्टरखालचे रबरी गॅस्केट परत बसवायला विसरलो होतो. गॅस्केट बसवले, ग्लँडचे तोंड खाली केले आणि वायरला ग्लँडच्या आधी खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तिथेच गळून पडतो.

आता दर महिन्याला दहा वेढ्यांनी चारही झोनचा प्रवाह मोजून पॅनेलच्या दारावर लिहितो आणि कुठे ०.०९ दिसले की तो प्लंजर काढून पाहतो. ऑक्टोबरात दुसऱ्या झोनवर तसे दिसले. पूट पातळ होती, पण बसू लागली होती.