आमची वाटचाल : हॉलचे भाडे ठरण्याआधीचे प्रश्न

फोंडा तालुक्यात आमचे कथकचे वर्ग चालतात. स्वतःची जागा नाही. देवस्थानाचे सभागृह नाहीतर पंचायतीचा हॉल, यांवरच आमचा सगळा कारभार. त्यामुळे नृत्याइतकेच आम्हाला हॉलच्या व्यवस्थापकाशी बोलायला शिकावे लागले. सुरुवातीला आम्ही "तासाला किती?" एवढेच विचारायचो. आता हा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

पहिला प्रश्न वाराचा. देवस्थानाचा हॉल असेल तर पालखीचा वार कोणता, एकादशीला भजन असते का, हे आधी विचारायचे. शंकराच्या देवळाकडे सोमवारची संध्याकाळ मागून उपयोग नाही. शनिवार-रविवार लग्ने, मुंज आणि बारशांचे. उरतात मंगळवार ते गुरुवार, आणि आम्ही बहुतेक वेळा मंगळवार-गुरुवार मागतो.

वार ठरला की "बाब, मागच्या वर्षाचे बुकिंग रजिस्टर जरा पाहू का?" असे विचारावे. नवे रजिस्टर कोरे असते, त्यातून काही कळत नाही. जुन्यात कार्तिकापासून पुढची पाने बघायची, कारण तुळशीचे लग्न झाले की लग्नांचा हंगाम सुरू होतो. यात एक बारीक गोष्ट आहे. बुधवारी लग्न असेल तर रजिस्टरमध्ये मंगळवार मोकळाच दिसतो, पण मंगळवारी चार वाजता डेकोरेटर शिडी घेऊन हजर होतो आणि मागच्या अंगणात आचाऱ्याची चूल पेटते. म्हणून "आमच्या वारी लग्न आहे का?" यापेक्षा "लग्नाच्या आदल्या संध्याकाळी हॉल कोणाच्या ताब्यात असतो?" हे विचारावे. आमचे सर्वाधिक वर्ग याच कारणाने बुडाले आहेत. जत्रा, सप्ताह, ग्रामसभा आणि निवडणुकीत मतदान केंद्र म्हणून हॉल जाणे, हे त्यानंतर येते.

दुसरा प्रश्न वेळेचा. आमचा वर्ग पाच ते साडेसहा. पण खुर्च्या भिंतीला लावून जमीन पुसायला पंधरा मिनिटे लागतात, आणि वर्ग संपल्यावर मुलांचे घुंगरू सुटून शेवटचा पालक येईपर्यंत आणखी पंधरा. म्हणून अर्जात पावणेपाच ते पावणेसात असे लिहायचे. दीड तास लिहून दोन तास वापरला की केअरटेकर पहिले दोन आठवडे काही बोलत नाही, तिसऱ्या आठवड्यात मात्र जादा तासाची पावती फाडतो. त्याची चूक नसते. पावसाळ्यात तर व्हरांड्यात वीस ओल्या छत्र्या आणि चपला असतात. त्या कुठे ठेवायच्या, तेही तेव्हाच विचारून घ्यावे.

आता भाडे. समिती साधारणपणे दोन पर्याय देते, दर वर्गाला ठरावीक किंवा महिन्याला ठोक. समजा वर्गाला ₹500 आणि ठोक ₹4,000. महिन्यात आठ-नऊ वर्ग होतात, तेव्हा ठोक परवडते असे वाटते. पण वर्षाचा हिशोब मांडून पाहा. आठवड्याला दोन, म्हणजे 52 आठवड्यांचे 104 वर्ग. चवथीचे दोन आठवडे, दिवाळीचा एक, नाताळ ते नववर्ष दोन आणि मे महिन्याचे चार, असे आपल्याच सुट्टीचे नऊ आठवडे म्हणजे 18 वर्ग गेले. उरले 86. त्यातले दहा हॉलच्या कार्यक्रमांत जातील असे धरा, राहिले 76. दर वर्गाप्रमाणे ₹38,000 आणि ठोक बारा महिन्यांचे ₹48,000. मे वगळून दिला तरी ₹44,000.

समितीची बाजूही समजून घ्यावी. त्यांना खात्रीचे पैसे हवे असतात, नाहीतर मंगळवारची संध्याकाळ तुमच्यासाठी राखून काय उपयोग? म्हणून आम्ही मधला मार्ग सुचवतो. वर्गाप्रमाणे भाडे, पण मे सोडून दर महिन्याला किमान सहा वर्गांचे पैसे आम्ही देणारच, म्हणजे ₹3,000. हॉलच्या कारणाने वर्ग रद्द झाला तर तो त्या सहांतून वजा व्हायचा, आणि रद्द करण्याची सूचना किमान सात दिवस आधी यायची. सात दिवस का, तर वीस पालकांना कळवून बदली वर्ग घ्यायला तेवढे लागतातच. ही सूचना केअरटेकरच्या तोंडी निरोपावर सोडू नये. व्यवस्थापकाने मोबाइलवर लेखी संदेश पाठवावा, असे अर्जातच नमूद करावे.

वीज भाड्यात आहे की वेगळी, हेही विचारावे. पंखे आणि दिवे बहुधा धरलेले असतात, एसी आणि जनरेटर नसतात. एसी मीटरवर असेल तर वर्गाआधी आणि नंतर आकडा लिहून दोघांनी सही करावी.

डिपॉझिट हा नाजूक विषय. दरपत्रकातली रक्कम लग्नासाठी ठरवलेली असते. त्यात हजारभर माणसांचे जेवण, मोडलेल्या खुर्च्या आणि कचरा गृहीत धरलेला असतो. वीस मुलांच्या वर्गाला ती लावू नये, अशी विनंती करता येते. साधारण एका महिन्याच्या भाड्याइतकी रक्कम आम्ही देऊ करतो, आणि ती एकदाच, दर वर्गाला नाही. व्यवस्थापकाच्या हातात हा अधिकार बहुधा नसतो, समितीचा ठराव लागतो. म्हणून त्याच्याशी वाद न घालता, "समितीपुढे ठेवायला अर्ज देतो" म्हणावे.

पावतीवर काय लिहिले आहे ते तिथेच वाचून घ्यावे. देवस्थानात काही वेळा हाताशी असलेल्या देणगी पुस्तकातूनच पावती फाडली जाते. देणगी परत मागता येत नाही. "परतीची अनामत" हे शब्द, कशासाठी घेतली ते आणि भाड्याची पावती वेगळी, एवढे हवेच. समिती बदलली की जुन्या तोंडी बोलण्याला किंमत राहत नाही, तेव्हा हा कागदच कामी येतो. जीएसटीच्या दृष्टीनेही परतीची अनामत हा मोबदला धरला जात नाही. ती भाड्यात वळती केली, तरच धरतात.

अनामतीतून काय कापणार, ते आधीच विचारावे. ताब्याच्या पहिल्या दिवशी जमिनीचे तडे, भिंतीचे डाग आणि बंद पंखे यांचे फोटो काढून व्यवस्थापकाला पाठवावेत. कथकात पायाचा ठोका जोरात पडतो. घुंगरांनी फरशीला ओरखडे येतील ही समितीची शंका रास्त असते. आम्ही लाद्यांवर जाड सतरंजी अंथरतो आणि तसे अर्जातही लिहितो.

अर्ज एका पानात बसतो :

मा. व्यवस्थापक,
सभागृह दर मंगळवारी व गुरुवारी सायं. 4.45 ते 6.45 या वेळेत, जून ते एप्रिल, कथक वर्गासाठी मिळावे. विद्यार्थी 20, सोबत दोन शिक्षिका. ध्वनिक्षेपक नाही, एक लहान स्पीकर. खानपान नाही. दर वर्गाचे भाडे, वीज, अनामत व ती परत करण्याची मुदत कृपया लेखी कळवावी.

"खानपान नाही" हे दोन शब्द फार कामाचे. समितीची अर्धी काळजी खरकट्याचीच असते.

हॉल सोडायचा झाला तर महिनाभर आधी पत्र द्यावे आणि शेवटच्या महिन्याचे भाडे नेहमीसारखे भरावे. "अनामतीतून वळते करा" म्हटले की सगळा हिशोब एकत्र गुंततो, आणि एखादा पंखा मोडलेला निघाला तर तो कोणाच्या खात्यावर टाकायचा हेच ठरत नाही. भाडे भरून, जागा दाखवून, किल्ली परत देऊन पोच घ्यावी. अनामतीचा अर्ज त्या पोचेला जोडून द्यावा.