तुम्ही विचारलंत म्हणून: विधान २ वर बोट ठेवायचं कसं

"मॅडम, उतारा समजते, पण पेपरात सारांशच लिहिल्या जातो. आधारविधानं अन् निष्कर्ष क्रमांक टाकून कसे काढायचे जी?"

खालून वर जायचं. कच्च्या पानाच्या तळाशी निष्कर्ष एका वाक्यात लिहा आणि तो कोणाचा, हेही शेजारी लिहा. या दुसऱ्या गोष्टीकडे दुर्लक्ष झालं की सगळी मांडणी बिघडते, कारण लेखक आधी प्रतिपक्षाचं म्हणणं मांडतो आणि विद्यार्थी तेही लेखकाच्याच नावावर टाकतात.

बाबासाहेबांच्या १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मधला श्रमविभागणीचा भाग घ्या. दीक्षाभूमीच्या गावात तो अनेकांना तोंडपाठ असतो आणि नेमका म्हणूनच पेपरात त्याचं भाषण होतं. त्यात आधी येतो तो जातीच्या समर्थकांचा युक्तिवाद:

१. प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणी आवश्यक असते.
२. जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे.
म्हणून ३. जातिव्यवस्थेत वावगं काही नाही.

आता निष्कर्षातला एकेक शब्द वर शोधा. ‘वावगं’ हा शब्द १ मध्येही नाही, २ मध्येही नाही. निष्कर्षात एखादी कल्पना पहिल्यांदाच उगवली, तर एक आधारविधान अध्याहृत आहे असं समजा. इथे ते असं: ‘जे प्रत्येक सुधारलेल्या समाजाला आवश्यक, त्यात वावगं काही नसतं.’ ते कंसात, २क म्हणून लिहा. न लिहिलेल्या विधानावर आक्षेप घेता येत नाही.

मग वैधता. विधानं खरी आहेत का, हे अजून विचारायचं नाही. ती खरी मानली तर निष्कर्ष टाळता येतो का, एवढंच बघायचं. इथे सगळं विधान २ मधल्या ‘ही’वर अडतं. ‘जात हा श्रमविभागणीचा एक प्रकार’ असा अर्थ घेतला, तर युक्तिवाद अवैध ठरतो: जगायला अन्न लागतं, तर्रीपोहे हे अन्न आहे, म्हणून जगायला तर्रीपोहे लागतात. (नागपुरात निष्कर्ष मान्य होईल, पण तो आधारविधानांतून निघत नाही.) ‘जात म्हणजेच श्रमविभागणी, नाव फक्त वेगळं’ असा अर्थ घेतला, तर आकार वैध होतो. प्रतिपक्षाला बळकट अर्थ द्यायचा. बाबासाहेबही समर्थकांचं म्हणणं याच अर्थाने मांडतात आणि मग विधान २ च्या सत्यतेवर घाव घालतात:

१. सुधारलेल्या समाजाला जी श्रमविभागणी लागते, तीत काम करणारी माणसं बंद कप्प्यांत आणि वरखाली वाटलेली नसतात.
२. जातिव्यवस्थेत ती तशी वाटलेली असतात.
म्हणून ३. जातिव्यवस्था म्हणजे समाजाला लागणारी ती श्रमविभागणी नव्हे.

पुढे उताऱ्यात येतं की व्यवसाय जन्मावरून ठरतो, माणसाच्या कुवतीवरून नाही, आणि त्यामुळे कार्यक्षमता घटते. बरेच जण हे विधान ४ म्हणून वरच्या मांडणीतच घुसवतात. ते खोडून बघा. निष्कर्ष ३ जसाच्या तसा उभा राहतो, म्हणजे ते विधान या युक्तिवादाचं नाही. त्याचा निष्कर्ष वेगळा आहे, जात समाजाला मारक आहे हा. त्याची यादी वेगळी करा. हा फरक गुणांवर थेट परिणाम करतो: ३ मधून जात अन्याय्य ठरत नाही, फक्त समर्थकांचा बचाव कोसळतो. ‘यावरून जात अन्याय्य सिद्ध होते’ असं लिहिलंत, तर निष्कर्ष आधारविधानांच्या पुढे धावला.

एका विधानात एकच दावा ठेवा. मधे ‘कारण’ आलं की त्या एका ओळीत दोन विधानं आहेत. आणि शब्द बदलू नका. मराठीच्या पेपरात पुनरुक्ती टाळायला शिकवतात, इथे एका ओळीत ‘श्रमविभागणी’ आणि दुसरीत ‘कामाची वाटणी’ लिहिलं की दोन विधानांना जोडणारी कडीच तुटते.

आक्षेप घेताना क्रमांक सांगा. ‘हे पटत नाही’ यातून परीक्षकाला काहीच कळत नाही. ‘आक्षेप आंबेडकरांच्या विधान १ वर: मध्ययुगीन युरोपातल्या कारागीर संघांतही पुष्कळदा मुलगा बापाचाच धंदा धरायचा’ हे तपासता येतं. उत्तरही त्याच विधानात आहे. ते समाजाला ‘लागते’ त्या विभागणीबद्दल बोलतं, कुठे काय घडलं याबद्दल नाही. तेव्हा संघांचं उदाहरण खरं असलं तरी विधान १ खोटं पडत नाही. मांडणीत ‘लागते’ऐवजी ‘असते’ लिहिलं असतं, तर मात्र पडलं असतं.

दीडशे शब्दांच्या उत्तरात दोन्ही मांडण्या बसत नाहीत. समर्थकांची एका वाक्यात सांगा, बाबासाहेबांची तीन ओळींत क्रमांकासह लिहा आणि उरलेली जागा एकाच आक्षेपाला द्या.