आमची वाटचाल: मराठी घरची तेलुगू लग्नपत्रिका

वडिलांनी सोलापुरात छापखाना टाकला तेव्हा एक ट्रेडल मशीन आणि देवनागरी खिळ्यांच्या केसेस एवढंच भांडवल होतं. गाव मराठी, कन्नड, तेलुगू असं तिन्ही बोलणारं, आणि पूर्व भागातली पद्मशाली विणकरांची घरं तर मुळात तेलंगणातून आलेली. तरी तेलुगू खिळे आमच्याकडे कधीच नव्हते. तेलुगू मजकूर आला की तो जाणत्या माणसाकडून सुवाच्य लिहून घ्यायचा, त्याचा जस्ताचा ब्लॉक करून आणायचा आणि मशीनवर चढवायचा. पुढे ऑफसेट आलं, संगणक आला आणि लग्नपत्रिका हाच आमचा मुख्य धंदा झाला. त्यातलं एक काम आज लोक खास आमच्याकडे घेऊन येतात. मुलगी मराठी घरातली, मुलगा तेलुगू घरातला, आणि मुलाकडच्या नातेवाइकांसाठी मुलीच्या वडिलांना तेलुगूत छोटी पत्रिका हवी असते.

बहुतेक जण मराठी पत्रिका पुढ्यात ठेवतात आणि म्हणतात, "मालक, याचंच तेलुगू करून द्या." ते आम्ही करत नाही. मराठी पत्रिकेत निमंत्रक, चुलते, मामा, बच्चेकंपनी अशी नावांची रांग लागते. ती आपल्या माणसांसाठी असते आणि तिथे ती शोभतेही. वरंगलच्या आत्याबाईंना त्यातलं कुणीच माहीत नसतं. त्यांना मुलगी कुणाची, मुहूर्त कधी, कुठे आणि जेवण किती वाजता एवढं कळलं की पुरे. म्हणून तेलुगू पत्रिका आम्ही कोऱ्या कागदावर नव्याने बांधतो.

प्रूफ वाचायला तेलुगू शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी येतात. त्यांच्याबरोबर बसून बसून आमचा एक साचा तयार झाला आहे. छापतो अर्थातच तेलुगू लिपीत, इथे वाचता यावा म्हणून देवनागरीत देतो:

श्रीरस्तु । शुभमस्तु । अविघ्नमस्तु
मा कुमार्ते चि.ल.सौ. (वधू) विवाहमु
श्रीमती & श्री (वरपिता) गारि ज्येष्ठ पुत्रुडु चि. (वर) तो
जरिपिंचुटकु दैवज्ञुलु निश्चयिंचिनारु.
कावुन तामु सकुटुंब सपरिवार समेतंगा विच्चेसि
वधूवरुलनु आशीर्वदिंचि
मा आतिथ्यं स्वीकरिंच प्रार्थन.

खाली सुमुहूर्तमु, कल्याण वेदिक म्हणजे लग्नाचं ठिकाण, आणि विंदु म्हणजे जेवण. शेवटी 'आह्वानिंचुवारु' लिहून मुलीच्या आईवडिलांची नावं. एवढ्यात पत्रिका पूर्ण होते.

मराठीत वधूच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' येतं, तेलुगूत 'चि.ल.सौ.' येतं. ते मराठीतून जसंच्या तसं उचललं तर वरपक्षाला ओळखीचं वाटत नाही. आजोबा हयात नसतील तर 'कै.'च्या जागी 'की.शे.' म्हणजे कीर्तिशेषुलु लिहावं लागतं. 'गारु' हा आदर वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांना द्यायचा, निमंत्रण देणाऱ्याने स्वतःच्या नावाला लावायचा नाही. आणि तेलुगूत घराण्याचं नाव आधी, माणसाचं नंतर. वराकडची नावं आम्ही त्याच क्रमाने ठेवतो, पुष्कळदा घराण्याचं नुसतं आद्याक्षर. वधूकडची मात्र नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी मराठी पद्धतीनेच छापतो.

खरी कसोटी मुहूर्ताच्या ओळीत लागते. एका लग्नात मुलाकडच्या पुरोहितांनी रात्रीचा मुहूर्त काढला होता, एक वाजून वीस मिनिटांचा. मराठी घरात दुपारचा किंवा गोरज मुहूर्त जास्त अंगवळणी. मुलीचे वडील म्हणाले, "बाराच्या पुढे रविवार लागतो, मग रविवारचीच तारीख टाका." घड्याळाने ते बरोबरच होतं. पण पंचांगाचा वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो, आणि तेलुगू पत्रिकेत अशा वेळी आदल्या दिवसाची तारीख देऊन 'शनिवारं रात्रि 1.20 (तेल्लवारिते आदिवारं)' असं छापतात. म्हणजे शनिवारची रात्र, उजाडलं की रविवार. रविवारची तारीख आणि 'रात्री १.२०' एवढंच छापलं असतं तर तेलुगू पाहुणे रविवारी रात्री येऊन उभे राहिले असते, मांडव उतरल्यावर. आम्ही तेलुगू पत्रिकेत त्यांच्या रिवाजाप्रमाणे लिहिलं. मराठी पत्रिकेत 'शनिवारी रात्री १.२० वाजता, रविवार उजाडण्यापूर्वी' असं मोकळं लिहिलं. विंदु शनिवारी रात्री साडेसातपासून असल्याचं दोन्हीकडे छापलं, त्यामुळे शंकेला जागाच उरली नाही. आता रात्रीचा मुहूर्त असला की पहिला प्रश्न आम्ही हाच विचारतो: कार्यालय कुठल्या वाराला घेतलंय?

महिन्याची मात्र काळजी नसते. मराठी आणि तेलुगू दोन्ही पंचांगांत महिना अमावास्येला संपतो, संवत्सराचं नावही एकच असतं. फक्त आपला वद्य तिथे बहुळ होतो. आकडे आम्ही सरळ 1, 2, 3 असे ठेवतो. तेलुगूचे स्वतःचे अंक आहेत, पण रोजच्या वापरात ते फारसे दिसत नाहीत.

मराठी नावं तेलुगू लिपीत बसवणं हे फार नाजूक काम आहे, आणि मला सगळ्यात आवडतं तेही हेच. वधूचं नाव स्नेहल धरा. मराठीत आपण शेवटचा ल तोडूनच बोलतो, पण पायमोड दाखवत नाही. तेलुगूत पायमोड दिली नाही तर वाचणारा 'ल' पूर्ण उच्चारतो आणि मुलीचं नावच बदलतं. म्हणून शेवटी पायमोड हवीच. आडनाव काळे असेल तर ळ तेलुगूत आहे, पण ए दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ, आणि इथे दीर्घच घ्यायचा. आम्ही प्रत्येक नाव मुलीच्या घरच्यांकडून मोठ्याने म्हणवून घेतो, गुरुजी ते तेलुगूत लिहितात, आणि मग प्रूफवरून वाचून दाखवतात. कानाला जुळलं की सही.

छपाईत गडबड होते ती जोडाक्षरांत. तेलुगूत जोडाक्षराचं दुसरं व्यंजन बहुधा पहिल्याच्या खाली लटकतं, त्याला वत्तु म्हणतात. व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर तेलुगू लिपी नीट न मांडणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर वत्तु सुटून शेजारी येतात. तेलुगू न येणाऱ्यालाही हे ओळखता येतं. पत्रिकेतला 'श्री' पाहायचा. तो नीट असेल तर सगळं एका गुंफणीत दिसतं आणि र खालून वळसा घेतो. फुटला असेल तर श, र आणि वेलांटी वेगवेगळे पडतात. शब्दाच्या मध्येच पायमोड दिसली तरी शंका घ्यावी, कारण आपल्या मजकुरात ती बहुतेक नावांच्या शेवटीच असते. आता आम्ही युनिकोड नीट मांडणारं नवं कोरलड्रॉ वापरतो आणि गुरुजींची सही झाली की Ctrl+Q दाबून अक्षरांचे कर्व्ह करून टाकतो. मग दुसऱ्या संगणकावर फाइल उघडली तरी फाँटच्या अभावी अक्षर हलत नाही.

या पत्रिका शंभर-दीडशेच लागतात, तेवढ्यासाठी ऑफसेटची प्लेट परवडत नाही. त्या डिजिटलवर निघतात. कागद मराठी पत्रिकेचाच घेतो, म्हणजे दोन्ही एकाच लग्नाच्या वाटतात. चकचकीत लॅमिनेशन मात्र आम्ही टाळायला सांगतो. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना हळद लावून मगच ती वाटायची असते, आणि लॅमिनेशनवर हळद धरत नाही.