सर्वधर्मीय चर्चेत जैन दानाबद्दल बोललो, माझा अनुभव

सांगलीत सर्वधर्मीय चर्चा होती आणि आमच्या दिगंबर जैन समाजातर्फे मला बोलायला सांगितलं होतं. विषय आपापल्या धर्मातली सेवा. आहार, औषध, शास्त्र, अभय अशी चार दानं लिहून नेली होती.

माझ्या आधी मुस्लिम समाजाचे एक चाचा जकातीवर बोलले. ठराविक रकमेच्या वरची बचत चांद्र वर्षभर राहिली की त्यातले अडीच टक्के द्यायचे, कुणाला द्यायचे ते आठ गट कुराणातच सांगितलेत, आणि हा गरिबाचा हक्क आहे, आमचा उपकार नाही. मग सरदारजींनी लंगरबद्दल सांगितलं, सगळे एकाच पंगतीत, जात-धर्म कुणी विचारत नाही. ऐकता ऐकताच वाटलं की दोघंही घेणाऱ्याबद्दल बोलतायत, आणि आमच्याबद्दल लोकांचा प्रश्न नेमका तोच असतो, तुम्ही फक्त तुमच्या मुनींनाच देता का? मग कागद ठेवला बाजूला आणि तिथूनच सुरू केलं.

सांगितलं की आमच्याकडे पात्रदान आणि करुणादान वेगळं आहे. मुनींना आहार देणं हे पात्रदान, त्याचे नियम कडक. मुनी दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत घेतात, आणि खास त्यांच्यासाठी म्हणून केलेलं त्यांना चालत नाही, घरच्यांसाठी शुद्ध रांधलेल्यातलंच द्यायचं. घासात केस निघाला तरी अंतराय, त्या दिवशी पुढे काही नाही. करुणादानात मात्र समोरचा कोण, कसा, हे बघायचंच नसतं, दुःखी आहे एवढं पुरे.

उदाहरण 2019 च्या पुराचं दिलं, कारण समोर बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात कृष्णेचं पाणी गेलेलं. आम्ही जेवण करत होतो त्यात कांदा-लसूण, बटाटा नव्हता कारण रांधणारे आम्ही, पण रात्री बोटीतून उतरलेल्या माणसाला सूर्यास्त झाला म्हणून ताट नाकारलं नाही, रात्री न जेवण्याचा नेम आमचा होता, त्याचा नव्हता. तत्त्वार्थसूत्रात दानाची व्याख्या आहे, अनुग्रहार्थं स्वस्यातिसर्गो दानम्, म्हणजे भलं व्हावं म्हणून आपलं जे आहे ते सोडून देणं, आणि टीकाकार म्हणतात यात भलं दोघांचंही, देणाऱ्याचाही लोभ सुटतो. चाचांच्या हक्कापेक्षा हे वेगळं आहे आणि ते मी तसंच स्पष्ट बोललो, सगळे धर्म एकच सांगतात असं म्हणून टाळ्या घ्यायच्या नव्हत्या मला.

नंतर चहाला चाचांनी विचारलं, तुमच्यात किती द्यायचं ते ठरलंय का? म्हटलं, अडीच टक्क्यांसारखा सगळ्यांवर बंधनकारक आकडा नाही, परिग्रह-परिमाण व्रत घेणारा आपल्या मालकीची मर्यादा स्वतःच ठरवतो. ते म्हणाले, आणि ज्यानं व्रतच घेतलं नाही तो? त्याला कोण विचारतं? मी म्हटलं, कुणीच नाही. हा प्रश्न आता मी आमच्या समाजाच्या मीटिंगमध्ये घेणार आहे.